निबंधाला गुण कसे द्यावेत : महाराष्ट्र लोकसेवा आयोगास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र लोकसेवा आयोग

विषय : राज्यसेवा मुख्य परीक्षेतील निबंधाचे समग्र आणि विश्लेषणात्मक गुणांकन

महोदय,

राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप २०२५ पासून वर्णनात्मक झाले असून १७५० गुणांच्या लेखी परीक्षेत निबंधाच्या एका पेपराला २५० गुण आहेत. बहुपर्यायी उत्तरपत्रिका यंत्र तपासत होते, तेथे दोन परीक्षकांच्या मतभेदाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. दीर्घ निबंध मात्र माणसाने वाचायचा असतो, आणि दोन माणसे तोच निबंध वाचून वेगवेगळे गुण देतात, हे गेल्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. या मतभेदाला आवर घालण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिलीला समग्र गुणांकन म्हणतात : परीक्षक निबंध एका दमात वाचतो, त्याचा एकूण दर्जा ठरवतो आणि एकच गुण नोंदवतो. दुसरीला विश्लेषणात्मक गुणांकन म्हणतात : परीक्षकापुढे आशय, मांडणी, भाषा, लेखनशुद्धी असे ठरलेले रकाने असतात, तो प्रत्येक रकान्यात स्वतंत्र गुण भरतो आणि अखेरीस बेरीज करतो. दुसरी रीत अधिक शिस्तीची वाटते आणि म्हणून न्याय्यही वाटते. कोणत्याही परीक्षामंडळाचा ओढा स्वाभाविकपणे तिच्याकडे असतो. प्रस्तुत पत्राचे म्हणणे असे की, गुणवत्ता यादी लावणाऱ्या निबंधाच्या पेपराला दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे केलेले समग्र वाचन अधिक योग्य ठरते, तर मराठी व इंग्रजीच्या अर्हताकारी पेपरांना विश्लेषणात्मक रीतच हवी, आणि या भेदाचा निर्णय पहिली उत्तरपत्रिका परीक्षकाच्या हाती जाण्यापूर्वी व्हायला हवा.

मतभेद किती मोठा असू शकतो, हे दाखवणारा सर्वांत बोलका अभ्यास अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत पॉल डीडरिच आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये केला. महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध त्यांनी ५३ वाचकांपुढे ठेवले; वाचकांत इंग्रजीचे, समाजशास्त्रांचे आणि निसर्गविज्ञानाचे अध्यापक होते, तसेच लेखक-संपादक, वकील आणि उद्योगातील अधिकारीही होते. निकष कोणतेच दिले नव्हते. निबंध गुणवत्तेनुसार नऊ गटांत वाटायचे, एवढीच सूचना होती. ३०० पैकी १०१ निबंध असे निघाले की, त्यांना कोणी ना कोणी नऊपैकी प्रत्येक श्रेणी दिली होती, आणि ९४ टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. वाचकांच्या जोड्यांमधील सहसंबंध, म्हणजे एकाने वर ठेवलेला निबंध दुसराही वर ठेवतो का याचे माप, मध्यकाच्या हिशेबाने ०.३१ भरले, पूर्ण एकमत असते तर हे माप १ झाले असते.

डीडरिच यांनी मात्र हा गोंधळ आहे असे म्हणून विषय सोडून दिला नाही. कोण कोणाशी सहमत होतो हे त्यांनी घटक-विश्लेषणाने तपासले, तेव्हा वाचकांचे पाच संप्रदाय उघड झाले : काही जण प्रामुख्याने कल्पना आणि विचार पाहत होते, काही जण रचना, काहींचे लक्ष लेखकाच्या शैलीकडे आणि व्यक्तित्वाकडे होते, काहींचे व्याकरण-विरामचिन्हांकडे, तर काहींचे शब्दयोजनेकडे. म्हणजे वाचक बेपर्वा नव्हते. प्रत्येक जण आपापल्या परीने सातत्याने वाचत होता, पण वेगळी गोष्ट मोजत होता. गुणांकनाच्या दोन्ही रीतींकडे या निष्कर्षाच्या प्रकाशात पाहता येते. सगळ्यांनी सगळे घटक पाहावेत म्हणून घटकांची नावे रकान्यांत लिहून द्यावीत, हे विश्लेषणात्मक रीतीचे उत्तर. घटकांचे परस्परांशी नाते कसे जुळवायचे हे नमुन्यांवरून शिकवावे आणि उरलेला मतभेद एकाहून अधिक वाचकांच्या सरासरीत विरू द्यावा, हे समग्र रीतीचे उत्तर.

समग्र गुणांकन म्हणजे परीक्षकाच्या मनाला येईल तो आकडा, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो आणि तो या रीतीवर अन्याय करणारा आहे. नीट राबवलेल्या समग्र गुणांकनात आधी दर्जाच्या पातळ्या, बहुधा सहा, शब्दांत वर्णन केल्या जातात. त्यानंतर प्रत्यक्ष आलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही डझन अनुभवी परीक्षक एकत्र बसून वाचतात आणि प्रत्येक पातळीचे दोन-तीन नमुने निवडतात; पातळी चारचा ठाम नमुना, चार आणि पाच यांच्या सीमेवरचा नमुना, असे. या नमुन्यांना आधारपत्रिका म्हणता येईल, कारण पुढचे सगळे वाचन त्यांच्या आधाराने चालते. परीक्षकांना त्या पत्रिका गुण न सांगता दिल्या जातात, त्यांनी दिलेली पातळी आणि ठरलेली पातळी यांतील अंतरावर चर्चा होते, आणि जो परीक्षक पुरेसा जुळत नाही त्याच्याकडे खऱ्या उत्तरपत्रिका दिल्याच जात नाहीत. प्रत्येक निबंध दोन परीक्षक एकमेकांचा गुण न पाहता वाचतात. त्यांत एका पातळीपेक्षा अधिक फरक पडला, तर तिसरा, अधिक अनुभवी परीक्षक निर्णय देतो. ही व्यवस्था ज्या संशोधनावर उभी राहिली, त्यात गॉडशॉक, स्वाइनफर्ड आणि कॉफमन यांचा १९६६ चा अभ्यास महत्त्वाचा आहे : एकेका विद्यार्थ्याकडून पाच निबंध लिहून घेऊन, प्रत्येक निबंध पाच वाचकांनी झटपट वाचून केवळ तीन पातळ्यांत वाटला, तरी त्या सर्व वाचनांची बेरीज लेखनक्षमतेचे भरवशाचे माप ठरली. विश्वसनीयता आली ती एका वाचनाच्या बारकाईतून नव्हे, तर स्वतंत्र वाचनांच्या संख्येतून.

दोन्ही रीतींतील फरक एका उदाहरणात तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील दोन्ही प्रकारचे निबंध परीक्षकांच्या ओळखीचे आहेत. समजा, १२५ गुणांच्या निबंधाचा विषय आहे ‘पाणी : मालमत्ता की हक्क?’. पहिला उमेदवार सुरुवातीलाच पुरंदर तालुक्यातील नायगावच्या पाणी पंचायतीकडे वळतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या त्या प्रयोगात पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरत होता आणि भूमिहीनालाही वाटा होता, हे सांगून तो असा युक्तिवाद करतो की, येथे पाणी जमिनीपासून कायद्याने नव्हे, तर गावाच्या संमतीने वेगळे झाले. मग तो स्वतःच विचारतो की, संमती मोडली तर हक्काचे काय होते, आणि मालमत्तेला जसे कायद्याचे संरक्षण आहे तसे या हक्काला कोण देणार. त्याचे परिच्छेद लांबलचक आहेत, एक मुद्दा अर्धवट सोडून तो दोन पानांनंतर पुन्हा हाती घेतो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ओळीओळीला आहेत, आणि वेळ संपल्यामुळे शेवट तीन वाक्यांत उरकला आहे. दुसऱ्या उमेदवाराचा निबंध एका थोर पुरुषाच्या वचनाने सुरू होतो. त्यानंतर सामाजिक, आर्थिक, राजकीय, पर्यावरणीय आणि नैतिक असे पाच पैलू, प्रत्येकी दोन परिच्छेद, प्रत्येक परिच्छेदात एक शासकीय योजना, आणि शेवटी आशावादी समारोप. हस्ताक्षर सुवाच्य आहे, चूक शोधूनही सापडत नाही. फक्त पाणी मालमत्ता आहे की हक्क, या प्रश्नाला निबंध कुठेही हात घालत नाही, आणि विषयाच्या जागी ‘वीज’ किंवा ‘शिक्षण’ हा शब्द घातला, तरी त्याचा सांगाडा तसाच उभा राहील.

या दोन निबंधांना विश्लेषणात्मक रीतीने गुण देताना आशयाला ५०, मांडणीला ३०, भाषेला ३० आणि लेखनशुद्धीला १५ असे रकाने आहेत, असे धरू. प्रामाणिक परीक्षक पहिल्याला आशयाचे ३१, मांडणीचे १५, भाषेचे १७ आणि शुद्धीचे ५ देतो, बेरीज ६८. दुसऱ्याला तो आशयाचे २७, मांडणीचे २१, भाषेचे २० आणि शुद्धीचे ११ देतो, बेरीज ७९. एकेका रकान्यातला आकडा समर्थनीय आहे, कोठेही पक्षपात नाही, आणि तरीही ज्याने प्रश्नाचा विचार केला तो ११ गुणांनी मागे पडला आहे. याच परीक्षकाला दोन्ही निबंध शेजारी ठेवून अधिकारी म्हणून अधिक आश्वासक लेखन कोणाचे, असे विचारले, तर तो बहुधा पहिल्याकडे बोट दाखवील. त्याची बेरीज त्याच्या स्वतःच्या निर्णयाच्या विरुद्ध गेली, याचे कारण त्याच्या आळसात किंवा अज्ञानात नाही, रकान्यांच्या गणितात आहे.

हे गणित क्वचितच लक्षात घेतले जाते. आशयाला ५० आणि शुद्धीला १५ गुण ठेवले, म्हणजे आशयाचा प्रभाव शुद्धीच्या तिपटीहून अधिक झाला, असे नियमावली लिहिणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात क्रमवारीवर एखाद्या रकान्याचा प्रभाव किती, हे त्याच्या कमाल गुणांवर नव्हे, तर त्यात प्रत्यक्ष दिलेले गुण किती पसरतात यावर बव्हंशी ठरते. आशयाचा निर्णय अवघड असतो, त्यात चूक होण्याची धास्ती असते, म्हणून परीक्षक मध्याला चिकटून राहतो आणि बहुतेक सर्वांना २५ ते ३२ च्या आत ठेवतो. लेखनशुद्धीच्या चुका मात्र डोळ्यांना दिसतात, मोजता येतात, म्हणून तेथे तो निःशंकपणे ४ ही देतो आणि १३ ही देतो. वरच्या उदाहरणात ५० गुणांच्या रकान्याने दोघांत ४ गुणांचे अंतर पाडले आणि १५ गुणांच्या रकान्याने ६ गुणांचे. निबंधाच्या पेपरात विचार तपासला जाईल असे नियमावलीत कितीही ठळकपणे लिहिले, तरी यादी लावताना वजन पडले ते ऱ्हस्व-दीर्घाचे. हा दोष आपल्या परीक्षेत आहे का, हे ओळखणे सोपे आहे : प्रत्येक रकान्यातील गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसरणीचे माप, काढावे, आणि ते रकान्याच्या कमाल गुणांच्या प्रमाणात आहे का, ते पाहावे.

विश्लेषणात्मक रीतीत दुसरा एक दोष याच्या अगदी उलट दिशेने येतो, आणि शेकडो उत्तरपत्रिका तपासून थकलेल्या परीक्षकाच्या हातून तो घडणे अगदी स्वाभाविक आहे. परीक्षक निबंध वाचतो, मनात ‘साधारण पंचाहत्तर’ असा आकडा ठरवतो आणि मग ती बेरीज यावी म्हणून रकाने मागून भरतो : आशय ३०, मांडणी १८, भाषा १८, शुद्धी ९. चारही रकाने बरोबर ६० टक्क्यांवर बसतात. कागदावर चार निर्णय दिसतात, पण झालेला असतो एकच, आणि तोही ज्याला आधारपत्रिकांचे प्रशिक्षण नाही असा समग्र निर्णय. दोन्ही रीतींचे दोष येथे एकत्र येतात आणि फायदा एकीचाही उरत नाही. एका चांगल्या गुणाचा उजेड बाकीच्या गुणांवर पडणे, ज्याला मानसशास्त्रात प्रभावलय म्हणतात आणि ज्याकडे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लक्ष वेधले, तेही येथे काम करते. एखाद्या परीक्षकाच्या शंभर उत्तरपत्रिकांत चारही रकान्यांचे आपसातील सहसंबंध ०.९ च्या वर जात असतील, तर तो चार गोष्टी वेगळ्या पाहत नाही, असे खुशाल समजावे.

समग्र रीत निर्दोष आहे असे मात्र मुळीच नाही, आणि तिचा सर्वांत गंभीर दोष अमेरिकेतील एका मोठ्या परीक्षेनेच उघड केला. महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या एसएटी या परीक्षेत २००५ मध्ये निबंध आला, तेव्हा प्रत्येक निबंध दोन वाचक १ ते ६ या समग्र श्रेणीवर तपासत आणि दोघांची बेरीज २ ते १२ होत असे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील लेखनाचे अध्यापक लेस पेरेलमन यांनी उपलब्ध नमुना-निबंध तपासून दाखवले की, निबंधाची लांबी आणि त्याचे गुण यांच्यात विलक्षण जवळचे नाते होते. जो अधिक पाने भरतो तो वर जातो, आणि निबंधातील तपशील खरा की खोटा याकडे वाचकाने पाहायचे नाही, अशी त्या परीक्षेची सूचनाच होती. समग्र वाचनात परीक्षकाला निर्णयाचा मार्ग लिहून दाखवावा लागत नाही, त्यामुळे थकव्याच्या वेळी लांबी, सुवाच्यता, पहिल्या पानाचा डौल यांसारख्या खुणांवर त्याचा निर्णय टेकू लागतो आणि ते त्याला स्वतःलाही कळत नाही. शिवाय समग्र रीतीची बरीचशी परंपरा वीस-चाळीस मिनिटांत लिहिलेल्या छोट्या निबंधांवर घडली आहे. हजार-अकराशे शब्दांच्या हस्तलिखित निबंधात शेवटच्या पानापर्यंत पोहोचताना मधला युक्तिवाद लक्षात ठेवणे खरोखर कठीण असते. आणि दिवसभरात परीक्षकाचा काटा हळूहळू सरकतो : लागोपाठ दहा सामान्य निबंध वाचले की, अकरावा मध्यम निबंध उत्तम वाटू लागतो.

या दोषांवर उपाय आहेत. लांबीचा प्रभाव रोखण्यासाठी आधारपत्रिकांत पातळी पाचचा एक आखूड निबंध आणि पातळी तीनचा एक भरघोस लांब निबंध मुद्दाम ठेवावा लागतो, तसेच गचाळ हस्ताक्षरातला उत्तम आणि मोत्यासारख्या अक्षरातला सामान्य. प्रशिक्षणात परीक्षकाची फसगत आधी येथेच व्हायला हवी. सरकणारा काटा ओळखण्यासाठी, पातळी आधीच ठरलेल्या पत्रिका इतरांसारख्याच दिसतील अशा रीतीने अधूनमधून त्याच्या गठ्ठ्यात मिसळतात, आणि तीन-चार पत्रिकांत तो एकाच दिशेने चुकला, तर नियामक त्याला थांबवून आधारपत्रिका पुन्हा वाचायला लावतो. दीर्घ निबंधाच्या बाबतीत, वाचताना समासात ‘मुख्य दावा’, ‘पुरावा’, ‘प्रतिवाद’ एवढ्याच खुणा करत जाव्यात, गुण मात्र द्यायचे नाहीत, ही साधी सवय स्मरणावरचा भार पुष्कळ हलका करते. दुसऱ्या परीक्षकापर्यंत त्या खुणा पोहोचू नयेत, एवढीच दक्षता हवी, आणि स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासल्या जात असतील, तर ती सहज घेता येते.

निर्णय अखेर परीक्षकांच्या वेळेच्या हिशेबावर येऊन ठेपतो, आणि आयोगाने सर्वाधिक विचार याच मुद्द्याचा करावा. समजा, एका दीर्घ निबंधाच्या समग्र वाचनाला सात मिनिटे लागतात आणि चार रकाने भरण्यासाठी मागेपुढे पाहत केलेल्या तपासणीला चौदा. तेवढ्याच वेळात एक तर एका परीक्षकाची बारीक तपासणी मिळते, किंवा दोन परीक्षकांचे स्वतंत्र निर्णय. एकापेक्षा अधिक वाचकांची सरासरी किती भरवशाची होते, याचे स्पिअरमन-ब्राऊन हे जुने सूत्र आहे : दोन वाचकांमधील सहसंबंध ०.६० असेल, तर दोघांच्या सरासरीची विश्वसनीयता ०.७५ होते; आणि डीडरिच यांच्या निकषहीन वाचकांसारखा तो ०.३१ असला, तर दोघांनी ०.४७ पर्यंत आणि पाच जणांनी ०.६९ पर्यंत मजल जाते. एका परीक्षकाने रकाने भरले म्हणून त्याची वैयक्तिक सक्ती किंवा सैलपणा नाहीसा होत नाही. तो चारही रकान्यांत सारखाच उतरतो. जो उमेदवार कडक परीक्षकाच्या गठ्ठ्यात सापडला, त्याचे नुकसान चार ठिकाणी विभागून लिहिले गेले, इतकेच. दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून निबंध गेला, तरच त्या नुकसानाला काही अंशी तरी प्रतिबंध होतो. मात्र दुसरे वाचन खरोखर स्वतंत्र असावे लागते. पहिल्या परीक्षकाचा लाल शाईतला आकडा समोर असताना केलेली दुसरी तपासणी ही दुसरी तपासणीच नव्हे, कारण तो आकडा पाहिल्यावर माणूस त्याच्यापासून दोन-चार गुणांपलीकडे जायला धजत नाही.

समग्र रीतीविरुद्धचा एक आक्षेप वजनदार आहे : सहा पातळ्या म्हणजे फार मोठ्या पायऱ्या, आणि एका गुणाने पद हुकणाऱ्या परीक्षेत हजारो उमेदवार एकाच पायरीवर उभे राहतील. यासाठी प्रत्येक पातळीचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाग करण्याची रूढ पद्धत आहे. परीक्षक आधी पातळी ठरवतो, मग आधारपत्रिकेशी तुलना करून निबंध तिच्या वर की खाली, हे नोंदवतो. त्यामुळे एका वाचनात अठरा पायऱ्या मिळतात, आणि एकाच पेपरात एकाहून अधिक निबंध असले व प्रत्येकाची दोन वाचने झाली, तर पेपराच्या एकूण गुणांत पुरेशी बारीक विभागणी होते. त्याहून बारीक फरक, म्हणजे ६८ आणि ६९ यांतला, कोणत्याही रीतीने खरा ठरत नाही. विश्लेषणात्मक बेरजेत तो दिसतो, पण तोच परीक्षक तीच उत्तरपत्रिका महिन्याभराने पुन्हा तपासील, तर तो आकडा टिकेल याची शाश्वती नसते.

मग विश्लेषणात्मक रीत कोठे हवी? जेथे रकान्यांतील गुण वेगळे राहून कोणाच्या तरी उपयोगाला येतात, तेथे. याचा नमुना एसएटी परीक्षेनेच पुढे घालून दिला. २०१६ मध्ये तिने निबंधाची समग्र श्रेणी सोडली आणि दिलेल्या उताऱ्याचे आकलन, त्याचे विश्लेषण आणि स्वतःचे लेखन या तीन बाबींना स्वतंत्र गुण देणे सुरू केले. प्रत्येक बाबीला दोन वाचक १ ते ४ गुण देत, प्रत्येकीची बेरीज २ ते ८ होत असे, आणि या तीन बेरजा एकमेकींत कधीच मिळवल्या जात नसत. २०२१ मध्ये तो निबंध सर्वसाधारण परीक्षेतून काढून टाकला गेला, पण त्यामागचे तत्त्व टिकण्याजोगे आहे : आकलन चांगले आणि लेखन कच्चे असलेला विद्यार्थी, आणि आकलन कच्चे पण लेखन सफाईदार असलेला विद्यार्थी, यांना एकाच आकड्यात कोंबले की, दोघांबद्दलही काही कळत नाही. वर्गात शिकवणारा शिक्षक, सराव परीक्षा घेणारी अभ्यासिका, लेखन सुधारण्यासाठी सहा महिने हाताशी असलेला विद्यार्थी, या सर्वांना विश्लेषणात्मक गुणच हवे असतात. ‘पातळी तीन’ एवढे कळून त्यांनी पुढे काय करायचे, हे कळत नाही. आयोगाला मात्र गुणवत्ता यादीसाठी एकच आकडा लागतो, आणि एकच आकडा करायचा म्हटले की, रकान्यांचा मुख्य फायदा बेरजेच्या क्षणी बव्हंशी मावळतो.

आयोगाच्या मराठी व इंग्रजी भाषेच्या पेपरांची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येकी ३०० गुणांच्या या पेपरांत २५ टक्के गुण मिळवले की उमेदवार पात्र ठरतो आणि ते गुण यादीत धरले जात नाहीत. तेथे क्रमवारी लावायची नसून, प्रशासनात काम करण्यापुरती भाषा येते की नाही, एवढे ठरवायचे असते. हे पेपर देणाऱ्यांत घरी गोंडी, भिली, उर्दू किंवा कन्नड बोलणारे आहेत, इंग्रजी माध्यमात शिकून मराठी नीट वाचणारे पण क्वचितच लिहिणारे आहेत, आणि मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी वाक्यरचनेशी झगडणारेही आहेत. अशा लेखकांची भाषिक क्षमता सगळीकडे सारखी वाढलेली नसते : शब्दसंपदा भक्कम पण विभक्ती-प्रत्ययांत गोंधळ, किंवा वाक्ये शुद्ध पण चार-पाच शब्दांपलीकडे न जाणारी. एकच समग्र गुण द्यायचा म्हटले की, परीक्षक यांतील जे त्याला खटकते त्यावरून सगळा निर्णय देतो. दुसऱ्या भाषेतील लेखनाच्या मूल्यमापनात विश्लेषणात्मक रीतीने मूळ धरले, ते याच कारणाने. जेकब्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये तयार केलेल्या सुप्रसिद्ध गुणपत्रकात १०० पैकी आशयाला ३०, मांडणीला २०, शब्दसंपदेला २०, भाषावापराला २५ आणि शुद्धलेखन-विरामचिन्हांना केवळ ५ गुण होते. आपल्या शाळांत शुद्धलेखनाच्या चुकांवर जेवढी लाल शाई खर्च होते, तेवढ्या प्रमाणात मराठीच्या अर्हताकारी पेपरात गुण कापले गेले, तर जो उमेदवार ग्रामसभेपुढे आणि फाइलीवर आपले म्हणणे स्पष्ट मांडू शकतो, तो केवळ वेलांट्या-उकारांपायी उंबरठ्यावर अडकेल. त्याला अडवायचे की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो रकान्याच्या गुणांतून उघडपणे सुटावा, परीक्षकाच्या मर्जीतून नव्हे.

उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागणाऱ्या उमेदवाराला समग्र गुणाचे समर्थन कसे देणार, ही शंका रास्त आहे, आणि विश्लेषणात्मक रीतीचा प्रशासकीय मोह बहुतांशी येथूनच उद्भवतो. तिचे उत्तर निकालानंतर सहाही पातळ्यांची वर्णने आणि प्रत्येक पातळीच्या आधारपत्रिका, लेखकाची ओळख काढून, प्रसिद्ध करण्यात आहे. ‘मांडणी : १५’ हा आकडा उमेदवाराला जितके समजावतो, त्याहून पातळी चारचे दोन आणि पाचचे दोन पूर्ण निबंध आपल्या निबंधाशेजारी ठेवून वाचणे त्याला कितीतरी अधिक समजावील, आणि पुढच्या वर्षीच्या उमेदवारांनाही साच्यातले निबंध पाठ करण्यापासून थोडेफार परावृत्त करील.

यांतले काहीही केवळ पत्रावरून स्वीकारण्याची आवश्यकता नाही. आधीच्या परीक्षेतील निबंधाच्या दोनशे उत्तरपत्रिका, आसनक्रमांक झाकून, दोन वेगळ्या परीक्षक-गटांना देता येतील : एका गटाने प्रशिक्षणानंतर दोन-दोन स्वतंत्र समग्र वाचने करावीत, दुसऱ्याने तेवढ्याच प्रशिक्षणानंतर रकाने भरावेत, आणि दोन्ही गटांचा एकूण वेळ सारखा ठेवावा. सहा आठवड्यांनी त्यांतल्याच पन्नास पत्रिका प्रत्येक गटातील नव्या परीक्षकांकडे पाठवाव्यात. मग तीन आकडे पाहावेत : जुन्या आणि नव्या गुणांत कोणत्या रीतीने अंतर कमी पडले, दोनशेपैकी वरच्या चाळिसांत कोणत्या रीतीने तेच उमेदवार पुन्हा आले, आणि लेखनशुद्धीच्या रकान्याची प्रत्यक्ष पसरण तिच्या कमाल गुणांच्या किती पट भरली. हा अभ्यास दोन-तीन महिन्यांत पुरा होण्याजोगा आहे, आणि निष्कर्ष या पत्राच्या विरुद्ध गेला, तर आयोगाने त्याच निष्कर्षाप्रमाणे नियमावली करावी व तो आकड्यांसह जाहीर करावा.